एक्यूएआरची माहिती सहकाऱ्यांकडून कशी मिळवावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयात आयक्यूएसी समन्वयकाची जबाबदारी अंगावर आली की अहवाल लिहिण्यापेक्षा माहिती मागण्यातच जास्त दिवस जातात. नॅकला दर वर्षी पाठवायच्या एक्यूएआरचे निकष सात. प्रत्येक निकषाला एक प्रमुख असतो आणि त्याच्यामागे डझनभर विभाग, समित्या आणि कार्यालय. माहिती कुणाकडे तरी अडकते, आणि ती मागणारा हळूहळू 'आला बघा पुन्हा' या वर्गात जमा होतो. नव्या समन्वयकांकडून आणि निकषप्रमुखांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. उदाहरणे अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयांतली आहेत.

१. ठरलेली तारीख उलटली. लगेच विचारू, की दोन-चार दिवस जाऊ देऊ?

लगेच विचारा, म्हणजे दुसऱ्या कामाच्या दिवशी. चार दिवस थांबणे हा सभ्यपणा वाटतो, पण समोरच्याला त्यातून एवढेच कळते की तारीख नावापुरती होती. शिवाय त्या चार दिवसांत आपल्या मनात वैताग साठतो आणि तो पहिल्याच वाक्यात उतरतो. दुसऱ्या दिवशी विचारताना आवाज साधा राहतो, कारण तोवर राग यायला काही घडलेलेच नसते.

त्याहून बरे म्हणजे तारखेच्या तीन-चार दिवस आधी एकदा विचारणे. 'झाले का?' असे विचारू नका. 'काही अडते आहे का, कुठला रकाना कळत नाही का?' असे विचारा. निम्मे उशीर इथेच सापडतात. अनेकांनी आपण पाठवलेला एक्सेलचा तक्ता उघडलेलाच नसतो. उघडलेला असला तरी 'मागील वर्ष' म्हणजे नेमके कोणते शैक्षणिक वर्ष, हे कळलेले नसते.

तारीख ठरवतानाही कॅलेंडर पाहा. सत्र परीक्षा, कॅप केंद्रावरची पेपर तपासणी आणि दिवाळीची सुट्टी या काळात तारीख ठेवली तर ती चुकणारच, आणि तो दोष सहकाऱ्याचा नाही.

२. पहिल्या संदेशात नेमके काय लिहायचे?

चार गोष्टी असाव्यात : काय हवे, त्यातले किती आधीच मिळाले आहे, कधीपर्यंत हवे आणि ती तारीख का. आपल्याकडे पाचवा मजकूर हमखास येतो तो म्हणजे 'आपल्या व्यस्ततेची कल्पना आहे, पण तरीही'. तो गाळा. ते वाक्य वाचले की पुढे तक्रार येणार हे कुणालाही कळते.

नेहमी जातो तो संदेश असा असतो :

'सर, निकष तीनची माहिती अद्याप अप्राप्त आहे. कृपया त्वरित द्यावी. रिमाइंडर २.'

यात सरांनी उठून नेमके काय करायचे ते कुठेच नाही. आता हा पाहा :

'सर, नमस्कार. तुमच्या विभागाच्या संशोधन लेखांच्या तक्त्यात पाच नोंदी आल्या आहेत, त्या नीट आहेत. दोन लेखांचे आयएसएसएन क्रमांक आणि लिंक तेवढी राहिली आहे. ओळ ३ आणि ५. गुरुवारी दुपारी निकषाची बैठक आहे, त्याआधी मिळाले तर तक्ता त्याच दिवशी बंद करता येईल. लेखाचे पहिले पान फोटो काढून पाठवलेत तरी चालेल, मी भरते.'

दुसरा संदेश लांब आहे, तरी त्याचे ओझे कमी आहे. सरांना दोन ओळी शोधायच्या आहेत आणि एक फोटो काढायचा आहे. पहिल्या संदेशावर उत्तर द्यायचे तर आधी 'निकष तीन'मध्ये काय काय येते ते आठवावे लागते, म्हणून तो 'नंतर बघू' म्हणून बाजूला पडतो.

'रिमाइंडर २', 'अंतिम स्मरणपत्र', 'अतितातडीचे' हे शब्द सहकाऱ्यांमध्ये वापरू नका. आकडा दिसला की माणूस आपण कितव्यांदा चुकलो ते मोजतो, आणि काम तिथेच राहते.

३. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू की वैयक्तिक?

सगळ्यांना लागू असलेली गोष्ट ग्रुपवर टाका : तारीख, तक्त्याची लिंक, नवी सूचना. एका माणसाची राहिलेली गोष्ट वैयक्तिकच सांगा. ग्रुपवर 'खालील विभागांची माहिती आलेली नाही' अशी यादी टाकली की त्या रात्री तीन विभागांची माहिती येते हे खरे. पण ती घाईत भरलेली असते, आणि चौथा विभागप्रमुख पुढची दोन वर्षे तुमच्याशी कामापुरतेच बोलतो. यादीत नाव चुकून आले असेल, म्हणजे माहिती आली होती पण तुम्ही पाहिली नव्हती, तर विचारायलाच नको.

याला एक अपवाद आहे. पहिल्या दिवसापासून सगळ्यांना दिसेल अशी गूगल शीट ठेवली असेल, आणि प्रत्येक विभागासमोर 'आले / अर्धे आले / आयक्यूएसीकडे तपासणीत' असे रकाने असतील, तर ती यादी कुणाला टोचत नाही. ती कुणाला पकडण्यासाठी काढलेली नसते, सुरुवातीपासून तिथेच असते. तिसरा रकाना मात्र जरूर ठेवा. काम तुमच्याकडे अडले असेल तर तेही लोकांना दिसले पाहिजे.

४. विचारले की 'हो हो, देतो ना' म्हणतात आणि देत नाहीत. आता काय?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

'देतो' हे उत्तर 'कधी देता?' या प्रश्नाला मिळते. तो प्रश्न बदलून 'नक्की कुठे अडले आहे?' असे विचारले की वेगळे उत्तर येते. अनुभव असा की उशीर आळसामुळे क्वचितच होतो. बहुतेक वेळा माहिती दुसऱ्याच्या हातात असते, किंवा आकडे जुळत नसतात, किंवा मागणीच कळलेली नसते. तिन्हींत 'देतो' म्हणणे सर्वांत सोपे.

एक नमुना प्रसंग घेऊ. एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी असलेल्या सरांकडून विस्तार उपक्रमांचा तक्ता हवा आहे. रकाने पाचच : उपक्रमाचे नाव, आयोजक किंवा सहयोगी संस्था, योजनेचे नाव, वर्ष, सहभागी विद्यार्थ्यांची संख्या. जोडीला प्रत्येक उपक्रमाचा छोटा अहवाल आणि जिओटॅग फोटो. १५ सप्टेंबरची तारीख होती, आता महिना संपत आला. सर भेटले की म्हणतात, 'सगळं तयार आहे मॅडम, फक्त एकत्र करायचंय.'

इथे चौथा संदेश पाठवून काही होणार नाही. तास संपल्यावर त्यांच्या खोलीत जा, लॅपटॉप घेऊन, आणि म्हणा, 'सर, एकच उपक्रम आता दोघे मिळून भरू. वृक्षारोपणाचा घेऊ या.' दहा मिनिटांत चित्र स्पष्ट होते. फोटो एका स्वयंसेवकाच्या मोबाइलमध्ये आहेत आणि तो पदवी घेऊन गेला. काही फोटोंवर ठिकाणाची नोंदच नाही. आणि खरी अडचण वेगळीच : हजेरीपत्रकावर सह्या ६२, पण वर्तमानपत्राच्या बातमीत आणि महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात 'शंभर विद्यार्थ्यांचा सहभाग' छापून गेला आहे. आता कोणता आकडा लिहायचा, या विचारात सरांनी फाइल बंद केली ती बंदच राहिली. हे कुणी आपणहून सांगत नाही. लेखी संदेशावर तर नाहीच.

कारण कळले की काम लहान होते. संख्या हजेरीपत्रकातली घ्यायची, ६२. पुरावा सहीचा असतो, बातमीचा नाही. आणि हा निर्णय समन्वयकाने स्वतःच्या तोंडाने सांगायचा, म्हणजे सरांच्या डोक्यावरचा भार उतरतो. उपक्रमांची यादी नव्याने करायची गरज नाही, कारण एनएसएसचा वार्षिक अहवाल विद्यापीठाला आधीच गेलेला असतो. त्याची कार्यालयीन प्रत घेतली की पाचपैकी चार रकाने त्यातून भरतात. फोटोंसाठी माजी स्वयंसेवकाला सरांनीच एक फोन करायचा. ज्या उपक्रमाचा ठिकाणासह फोटो मिळतच नाही, तिथे ग्रामपंचायतीचे पत्र, हजेरीपत्रक आणि बातमीचे कात्रण जोडायचे आणि तसे स्पष्ट लिहायचे. जुन्या फोटोवर ॲपने नंतर अक्षांश-रेखांश चिकटवण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो. तो करू नका, आणि कुणाला करायला भाग पाडेल एवढा दबावही टाकू नका.

मग निघताना जे ठरले ते संदेशात लिहून ठेवायचे : 'सर, आत्ता ठरल्याप्रमाणे : वार्षिक अहवालाची प्रत मी कार्यालयातून घेते आणि तक्ता भरते. फोटोंसाठी तुम्ही त्या विद्यार्थ्याला फोन करणार. शुक्रवारी तक्ता तुम्हाला तपासायला देते.' यात अर्धे काम तुमच्या नावावर आहे. म्हणून शुक्रवारी तुम्ही पुन्हा त्यांच्या दारात गेलात तरी ती आठवण ठरत नाही. तुम्ही आपले काम घेऊन आलेल्या असता.

५. किती वेळा विचारले की ते टुमणे होते?

आकड्यापेक्षा प्रत्येक वेळी काही नवे आले का, हे महत्त्वाचे. तोच संदेश दोनदा पाठवला तरी टुमणे होते. पाच वेळा बोललात आणि दर वेळी काम थोडे पुढे सरकले, तर कुणाला काही वाटत नाही.

तरी एक क्रम हाताशी असू द्या. पहिली आठवण लेखी, तारखेच्या दुसऱ्या दिवशी. चार-पाच दिवसांत उत्तर नाही तर फोन किंवा प्रत्यक्ष भेट, लेखी नाही. तिथे प्रश्न ४ मधली पद्धत. त्यानंतर आठवडाभराने, भेटीत ठरलेल्या गोष्टीवरून पुन्हा लेखी. यानंतरही हालचाल नसेल तर आठवणीने सुटणारा हा विषय नाही. प्रश्न ९ पाहा.

आणि वेळ पाहून विचारा. रात्री दहानंतरचा संदेश, रविवारचा संदेश, परीक्षेच्या पर्यवेक्षणावर असताना केलेला फोन, यांतला मजकूर कितीही गोड असला तरी तो गोड लागत नाही. सुचले तेव्हा लिहून ठेवा आणि सकाळी कॉलेज सुरू झाल्यावर पाठवा.

६. निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. 'तुम्ही वाचले आहे' असे सांगू का?

नाही. वाचले याचा अर्थ वर्गात जाता जाता स्क्रीन उघडली, एवढाच. तो उल्लेख पाळत ठेवल्यासारखा वाटतो. दोन दिवसांनी फोन करा.

७. विभागप्रमुख माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी ज्येष्ठ आहेत, एके काळी त्यांनीच मला शिकवले. त्यांच्या मागे कसे लागणार?

माहिती त्यांनी स्वतः भरावी अशी अपेक्षाच ठेवू नका. ज्येष्ठांकडे दोन गोष्टी मागा : विभागातले कुणाचे तरी नाव, आणि शेवटी एक सही. 'सर, तक्त्याचे काम विभागातल्या कुणाकडे देऊ? तुमच्या नजरेखालून गेले की मग मी पुढे घेईन.' बहुतेक ज्येष्ठांची अडचण एक्सेल किंवा गूगल ड्राइव्ह ही असते आणि ती कनिष्ठासमोर कबूल करणे जड जाते. नाव मागितले की ती कबुली टळते आणि मानही राहतो.

ज्याचे नाव दिले जाईल त्याच्याशी पुढचा सगळा व्यवहार करा, पण प्रमुखांना आठवड्याला एक ओळ कळवत राहा. त्यांना डावलले असे वाटले की सही अडते.

दुसरी गोष्ट, त्यांच्याकडची माहिती मागताना ती वाचल्याचे दिसू द्या. 'सर, मागच्या वर्षी तुमच्या विभागाचा परिसंवाद सर्वोत्तम उपक्रमात घेतला होता, या वर्षी त्याचे पुढे काय झाले ते दोन ओळींत हवे आहे' याला उत्तर येते. 'विभागाची माहिती हवी आहे' याला नाही.

८. माहिती येते पण अर्धवट. परत पाठवले की लोक चिडतात.

पूर्ण तक्ता परत पाठवू नका. आलेले स्वीकारा, तुमच्या शीटमध्ये घ्या, आणि राहिलेल्या चौकटी पिवळ्या करून तेवढ्याच मागा. 'अपूर्ण' हा शब्द न वापरता 'एवढे घेतले, हे तीन राहिले' असे सांगा. तीन ही हद्द पाळा. एका वेळी सतरा त्रुटी पाठवल्या तर एकही दुरुस्त होऊन येत नाही. ज्यांच्यावाचून अडेल त्या आधी मागा. फाइलचे नाव बदलणे, पीडीएफ आडवी आहे ती उभी करणे, स्कॅन पुसट आहे, असली कामे स्वतः किंवा आयक्यूएसीच्या लिपिकाकडून करून घ्या.

सूचनांचा खरडा कधी बदलला, हेही तपासा. मागच्या आठवड्यात तुम्हीच रकाना वाढवला असेल तर ती माहिती 'राहिली' म्हणायचे नसते, 'नव्याने लागते आहे' म्हणायचे.

९. प्राचार्यांना कधी सांगायचे? चहाडी वाटणार नाही असे कसे सांगायचे?

दोन परिस्थितींत सांगा : प्रश्न ५ मधला क्रम पुरा झाला असेल तेव्हा, किंवा अडचण त्या माणसाच्या हातात नसेल तेव्हा. दुसऱ्यात तर पहिल्याच आठवड्यात जायला हवे. विभागात दोन जागा रिक्त आहेत आणि उरलेल्या एका मॅडमवर बारा समित्या आहेत, हे काम आठवणीने होणारे नाही. तिथे समिती काढून घ्यावी लागते, आणि तो अधिकार प्राचार्यांचा.

जाण्याआधी त्या व्यक्तीला सांगा. हे टाळले की मग ती चहाडी ठरतेच. 'मॅडम, सोमवारी प्राचार्यांकडे अहवालाची स्थिती सांगायची आहे. निकष पाचची प्लेसमेंटची माहिती आली नाही असे सांगावे लागेल. त्याआधी काही देता येते का, किंवा काय मदत लागेल ते सांगू का?' बऱ्याचदा सोमवार उगवायच्या आत माहिती येते. आली नाही तरी सोमवारी त्यांना धक्का बसत नाही.

प्राचार्यांसमोर माणसांची यादी ठेवू नका, कामांची ठेवा. 'अमुक सर देत नाहीत' याच्या जागी 'प्लेसमेंटच्या नेमणूकपत्रांच्या प्रती नाहीत. विद्यार्थ्यांना फोन करायला दोन जण लागतील' असे सांगा. प्राचार्य स्वतः विचारतीलच कुणाकडे आहे म्हणून. तेव्हा नाव सांगायला हरकत नाही, सोबत कारणही सांगा. ईमेलवर प्राचार्यांना हळूच प्रतीत घेणे मात्र टाळा. स्टाफरूममध्ये ते तुमच्या आधी पोहोचते.

१०. 'दर वेळी तेच मागता' असे ऐकावे लागते. काय उत्तर द्यायचे?

त्यांचे बहुधा खरे असते. एआयएसएचई, एनआयआरएफ, विद्यापीठाची वार्षिक माहिती, एक्यूएआर, आणि मधूनच संचालनालयाचे पत्र. प्रत्येकाचा तक्ता वेगळा आणि आकडे तेच. म्हणून मागण्याआधी स्वतःकडे, कार्यालयाकडे आणि मागच्या फोल्डरमध्ये शोधा. असेल ते भरून पाठवा आणि फक्त 'बरोबर आहे का' विचारा. कोरा तक्ता भरायला माणूस तास मागतो. भरलेल्या तक्त्यातली चूक मात्र तो लगेच दाखवतो, कधीकधी आनंदाने.

दुसरे असे की संशोधन लेख, कार्यशाळा, रिफ्रेशर कोर्स, समित्यांची नेमणूकपत्रे हीच कागदपत्रे शिक्षकाला स्वतःच्या कॅसच्या प्रस्तावाला लागतात. आयक्यूएसीकडे दिलेली प्रत वर्षनिहाय, नावनिहाय लावून त्या शिक्षकाला परत उपलब्ध होईल अशी सोय करा. पदोन्नतीच्या वेळी ज्याला त्याची फाइल तुमच्याकडून तयार मिळाली, त्याच्यामागे पुढच्या वर्षी लागावे लागत नाही. पण 'दिले नाहीत तर कॅसला बघू' असे चुकूनही म्हणू नका. कॅसच्या प्रस्तावाची छाननी आयक्यूएसीकडून होते हे सगळ्यांना माहीत असते, त्यामुळे थट्टेत म्हटलेलेही धमकी म्हणून ऐकले जाते.

११. मीच सगळे भरून टाकले तर? विचारण्यापेक्षा ते सोपे आहे.

जे कागदावर आहे ते भरा, वर सांगितल्याप्रमाणे. जे फक्त त्या माणसाला माहीत आहे ते भरू नका. एक्यूएआरमधले आकडे एका वर्षापुरते नसतात. पुढे स्वयंमूल्यमापन अहवालात ते पुन्हा येतात आणि तेव्हा पडताळणीत प्रत्येक आकड्यामागचा कागद मागितला जातो. तुम्ही अंदाजाने लिहिलेल्या 'सहभागी विद्यार्थी ८०'ला तेव्हा आधार कोण देणार?

'शुक्रवारपर्यंत उत्तर आले नाही तर बरोबर आहे असे समजते' हे वाक्य फोटोंचा क्रम किंवा इंग्रजी मजकुराची दुरुस्ती अशा गोष्टींना ठीक आहे. आकड्यांना आणि नावांना ते वापरू नका. तिथे 'हो' मिळालाच पाहिजे.

१२. 'मुदत वाढतेच, काय घाई आहे' असे म्हणतात. आणि मुदत खरेच वाढते.

एक्यूएआरची नेहमीची मुदत ३१ डिसेंबर, आणि ती वाढल्याचा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी आहे. त्यामुळे नॅकच्या तारखेची भीती घालून काही साधत नाही. ज्याने पाच वर्षे मुदतवाढ पाहिली तो तुमचे ऐकून हसेल.

आपली तारीख आपल्याच कामाला बांधा. 'अहवाल महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत ठेवायचा आहे', 'पोर्टलवर भरणारा मुलगा या आठवड्यातच मोकळा आहे', 'इंग्रजी तपासणाऱ्या मॅडम सुट्टीवर जाण्याआधी'. ही कारणे खरी असतात आणि तपासून पाहता येतात. खोटी तारीख मात्र सांगू नका. पंधरा तारीख सांगून तीसला भरले हे एकदा कळले की पुढच्या वर्षी तुमच्या प्रत्येक तारखेत लोक पंधरा दिवस मिळवतात.

१३. कार्यालयाकडून येणारी माहिती सर्वांत उशिरा येते. तिथे वेगळे काही करावे लागते का?

हो, कारण तिथला उशीर कामाच्या चक्रात असतो. प्रवेश चालू असताना किंवा महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज पुढे पाठवायचे असताना लिपिकाला तक्ता देणे व्यर्थ आहे. खर्चाचे आकडे तर लेखापरीक्षण होईपर्यंत अंतिम नसतातच. तिथे मागे लागून मिळतील ते आकडे उद्या बदलतील. अधीक्षकांना विचारा, 'ऑडिट कधी पुरे होते?' आणि त्यानंतरची तारीख धरा. तोवर वर्गनिहाय विद्यार्थीसंख्या, प्रवर्गनिहाय प्रवेश, शिष्यवृत्ती मिळालेले विद्यार्थी एवढे घ्या.

कार्यालयात प्राध्यापकी थाटात ईमेल पाठवू नका. जाऊन बसा, दादांना किंवा ताईंना कोणत्या रजिस्टरमधून काय लागते ते दाखवा, आणि शक्य तर रजिस्टरवरून उतरवून घ्यायला एखादा विद्यार्थी साहाय्यक द्या.

१४. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याकडून माहिती राहिली आहे. तेच नियम लागू?

नाहीत. त्यांना मानधन तासाचे मिळते. तक्ते भरण्याचे मिळत नाही, आणि ते अनेकदा दुसऱ्या कॉलेजातही तास घेत असतात. त्यांनी स्वतः केलेले काम, म्हणजे त्यांचे लेख, त्यांनी घेतलेले उपक्रम, एवढेच मागा, आणि ते कॉलेजात असतात त्या वेळेतच. विभागाचा अख्खा तक्ता त्यांच्या गळ्यात घालणे ही सोय वाटते, पण 'नाही' म्हणण्याच्या स्थितीत ते नसतात. विभागप्रमुखांनी तसे केले असेल तर आठवण प्रमुखांना करा.

१५. सहकाऱ्याच्या घरी दुःखद घटना घडली आहे, किंवा ते मोठ्या आजारपणात आहेत. माहिती मात्र त्यांच्याकडेच आहे.

त्यांना विचारू नका; आधी बाकीचे सगळे मार्ग संपवा. विभागातला दुसरा कुणी, समितीचे इतिवृत्त, कार्यालयातल्या प्रती, महाविद्यालयाच्या फेसबुक पानावरचे फोटो. एवढे करूनही एखादी गोष्ट फक्त त्यांच्याकडेच असेल, उदाहरणार्थ कपाटाची किल्ली किंवा ड्राइव्हचा पासवर्ड, तर त्यांच्या जवळच्या सहकाऱ्यामार्फत तेवढीच मागा. भेटायला जाल तेव्हा अहवालाचा विषय काढू नका, त्यांनी काढला तरी 'होतंय ते, काळजी करू नका' यापुढे नेऊ नका.

नोकरी सोडून किंवा बदलून गेलेल्यांचे वेगळे. त्यांना फोन करता येतो, पण त्यांच्यावर आता तुमचा हक्क नाही. एकदाच, एकत्रित यादी करून विचारा. रोज एक प्रश्न नको.

१६. सगळे करूनही माहिती आलीच नाही. अहवालात काय लिहायचे?

जेवढ्याचा पुरावा आहे तेवढे लिहा. सात उपक्रम झाले आणि चारचीच कागदपत्रे मिळाली, तर चार. आकडा कमी दिसेल आणि त्याबद्दल तुम्हाला विचारले जाईल. त्यासाठी कोणत्या तारखेला काय मागितले, काय ठरले, काय आले याची साधी नोंद ठेवा. ती कुणाविरुद्ध वापरण्यासाठी नको. आयक्यूएसीच्या बैठकीत 'हा आकडा का घटला' या प्रश्नाला उत्तर म्हणून हवी.

ज्यांची माहिती राहिली त्यांना भरण्याआधी एकदा दाखवा : 'सर, एवढेच नोंदवले आहे, उद्या सकाळी पोर्टलवर जाते.' रात्री उशिरा उरलेल्या तीन उपक्रमांचे फोटो आले तर घ्या, आणि आधी का दिले नाहीत हे विचारू नका. सबमिटचे बटण दाबून झाल्यावर आले तर तेही घ्या, पुढच्या वर्षीच्या फोल्डरशेजारी वेगळे ठेवा आणि पोहोच द्या. स्वयंमूल्यमापन अहवालाच्या वेळी ते कागद लागू शकतात.